बेळगावहून मराठी सुलेखनाचा ऑनलाइन कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहिली तुकडी सुरू होतेय. अनगोळ, शहापूर, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अगदी भालकी-कारवारकडूनही गेल्या महिनाभरात फोन आले. बहुतेकांचे प्रश्न सारखेच होते, म्हणून उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवते. फी आणि सवलतीचं आधी सांगते, कारण ते विचारल्याशिवाय कुणी पुढं वाचत नाही.

फी किती? लवकर नाव नोंदवलं तर काय मिळतं?

बारा रविवारी, सकाळी दहा ते साडेअकरा असे वर्ग होतील. पूर्ण फी 3,600 रुपये. घटस्थापनेच्या दिवसापर्यंत नाव नोंदवणाऱ्यांना 2,700 रुपये, हवं तर 1,350 च्या दोन हप्त्यांत. त्याशिवाय हाताने कत, म्हणजे टोकाची लिहायची धार, काढलेले दोन बोरू, एक 5 मिलिमीटरचा आणि एक 3 मिलिमीटरचा, पोस्टानं घरी येतील.

घटस्थापनेची मुदत या बोरूंमुळेच ठेवली आहे. एक बोरू तासून, चीर देऊन, कत घासून, शाईत बुडवून तपासायला मला अर्धा-पाऊण तास जातो. किती लागणार हे आधी कळलं तरच पहिल्या वर्गाच्या आत ते पोहोचतील. उशिरा येणाऱ्यांनाही बोरू मिळतील, पण वेगळे पैसे देऊन आणि बहुधा तिसऱ्या वर्गापर्यंत. तोवर पेन्सिलींवर काम चालवावं लागेल. ते कसं, ते खाली लिहिलं आहे.

जागा चोवीस. दर आठवड्याला प्रत्येकाचे दोन फोटो मी स्वतः पट्टी लावून मोजणार आहे. त्याहून जास्त माणसं घेतली तर फोटोंवर नुसतं ‘छान’ लिहून सोडावं लागेल, आणि तशा शिकवण्याला मी फी घेणार नाही.

दुसऱ्या वर्गानंतर वाटलं की हे आपलं काम नव्हे, तर साहित्य आणि टपालाचे 300 रुपये वजा करून बाकीचे परत करते.

कोर्समध्ये नेमकं काय शिकवणार?

एकच वळण: बोरूच्या किंवा तिरक्या निबच्या जाड-बारीक रेघेतलं देवनागरी, म्हणजे बाळबोध. पहिले चार आठवडे फक्त रेघा, काना आणि शिरोरेषा. पुढचे पाच आठवडे अक्षरं, त्यांच्या आकाराच्या कुळांप्रमाणं: व-ब-क एकत्र, प-ष-फ एकत्र, असं. शेवटचे तीन आठवडे शब्द, ओळी आणि एक पूर्ण फलक. मोडी नाही, ब्रश नाही, संगणकावरचे फॉन्ट नाहीत. बारा आठवड्यांत एक हत्यार हाताला बसलं तरी पुष्कळ झालं.

कट निबचा सेट आधीच घरी आहे. तो चालेल का?

बहुधा नाही. याचं कारण नीट सांगते, कारण पूर्ण कोर्सचा पाया याच्यावर आहे.

दुकानात सहज मिळतो तो बहुतेकदा इंग्रजी सुलेखनाचा सेट असतो. उजव्या हातानं तो नेहमीसारखा धरला की निबची धार कागदावर अशी टेकते: डावं टोक खाली, उजवं टोक वर. रोमन अक्षरांना तेच हवं असतं. देवनागरीला बरोब्बर उलट लागतं: डावं टोक वर, उजवं खाली. जुनी हस्तलिखित पोथी घरात असेल तर तिच्यातला ‘ब’ किंवा ‘ष’ बघा. पोटातली तिरकी रेघ डावीकडून वरून उजवीकडं खाली जाते आणि ती बारीक असते. धारेच्या दिशेनंच रेघ ओढली की ती बारीक येते, इतकं साधं आहे हे. इंग्रजी निबनं तोच ‘ब’ काढला की नेमकी ती रेघ सगळ्यांत जाड येते आणि अक्षराचं पोट बुजून जातं.

मी स्वतः दोन वर्षं अशा सेटनं लिहिलं. दुकानदारानं ‘सगळ्या भाषांना चालतंय’ म्हणून दिला आणि मी विश्वास ठेवला. माझे ‘ब’ आणि ‘ष’ कायम काळे गोळे दिसायचे आणि मी समजत होते की हातच जड आहे. खानापूर तालुक्यात आजीच्या माळ्यावरची एक पोथी उन्हात नेऊन बघितली, तेव्हा कळलं की हात बरा होता, धारच उलटी होती.

तुमची निब कोणती हे तपासायचं असेल तर नेहमीच्या पकडीत धरून कागदावर नुसती टेकवा, ओढू नका. जो ठिपका उमटेल ती एक छोटी तिरकी रेघ असेल. तिचं डावं टोक वर असेल तर निब कामाची.

बोरू येईपर्यंत सराव कशानं करू?

दोन पेन्सिली रबरबँडनं घट्ट बांधा. टोकांमध्ये साधारण सेंटिमीटरभर अंतर येईल. डाव्या पेन्सिलीचं टोक वर, उजव्याचं खाली असं 45 अंशांवर धरा आणि लिहा. दोन टोकांच्या दोन रेघा उमटतील आणि त्यांच्यामधली जागा म्हणजे बोरूची जाडी. कुठं रेघा एकमेकींवर येतात, कुठं लांब जातात, ते डोळ्यांना स्पष्ट दिसतं. बोरूच्या काळ्या रेघेत ते लपून राहतं. माझे जुने विद्यार्थी आजही अडलं की पेन्सिलींकडं वळतात.

कोन बरोबर आहे हे घरबसल्या कसं ओळखायचं? समोर शिक्षक नसताना ऑनलाइन जमतं का हे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त आला, आणि शंका रास्त आहे. माझ्या शेजारी बसून शिकणाऱ्याचं मनगट मला दिसतं. फोनवर दिसत नाही. पण देवनागरीत एक सोय आहे: कोन चुकला की रेघच तो सांगते, आणि रेघ मोजता येते.

धार बरोबर 45 अंशांवर असेल तर उभी आणि आडवी रेघ सारख्याच जाडीच्या येतात. 5 मिलिमीटरच्या बोरूनं काना साडेतीन मिलिमीटर आणि शिरोरेषाही साडेतीन. धार जास्त आडवी झाली, समजा 30 अंशांवर आली, की काना फुगून सव्वाचारच्या पुढं जातो आणि शिरोरेषा अडीचवर येते. धार जास्त उभी झाली की उलट होतं, शिरोरेषा जाड आणि काना काडीसारखा. त्यामुळं तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला फक्त दोन मापं घ्यायची असतात. हात न बघताही तो कुठं गेला ते कळतं.

एक खरं उदाहरण सांगते. निपाणीकडच्या एक शिक्षिका गेल्या वर्षी माझ्याकडं फोटो पाठवून सराव करायच्या. शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहितात, अक्षर मुळात सुरेख. बोरू घेतला आणि त्यांचा फोन आला, “बाई, शिरोरेषा लई जाड यायलीय की ओ, काना मात्र मरतुकडा.” फोटो मोजला तर शिरोरेषा साडेचार मिलिमीटर आणि काना जेमतेम सव्वादोन. म्हणजे धार 64 अंशांच्या आसपास उभी झाली होती, वीस अंश चूक. त्या बोरूची पकड बदलून बदलून थकल्या होत्या. मी म्हटलं, पकड राहू द्या, टेबलाचा फोटो पाठवा. कागद डावीकडं कललेला होता, रोजच्या लिहिण्यात आपण उजव्या हाताची माणसं कलवतो तसा, साधारण वीस अंश. हात बरोबरच होता, कागद फिरला होता. कागद सरळ करून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, आणि त्याच संध्याकाळच्या फोटोत दोन्ही रेघा साडेतीनच्या आसपास आल्या.

म्हणून कोर्समध्ये पहिल्या दिवशी अक्षराच्या आधी कागद चिकटवायला शिकवणार आहे. हसू नका, निम्म्या चुका तिथं संपतात.

फोटोबाबत एकच अट: फोन कागदाच्या अगदी डोक्यावर, सपाट धरा. तिरका फोटो काढला की उभ्या रेघा आखूड दिसतात, आडव्यांची जाडी कमी दिसते आणि माझं माप खोटं ठरतं. कडेला एक पट्टी ठेवून फोटो काढला तर उत्तम.

माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालं. घरी मराठी बोलतो, वाचतो, पण लिहायची सवय नाही. मला जमेल?

जमेल, आणि तुमच्यासारखे लोक या कोर्समध्ये बरेच आहेत. तुमचा एक फायदाही आहे. कन्नडची गोलाई हातात असल्यामुळं ‘ळ’, ‘ठ’, ‘छ’ यांची वळणं तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर येतात. कोपरा न करता हात फिरवण्याची सवय असते.

अडतं ते शिरोरेषेत. कन्नडमध्ये बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर आपापला तलकट्टू असतो, सगळ्यांना जोडणारी एक रेघ नसते. त्यामुळं कन्नड हात मराठीतही अक्षरागणिक छोटी छोटी टोपी घालत जातो आणि शब्द तुटक दिसतो. बाळबोधात आपण शब्दाची सगळी अक्षरं आधी लिहायची आणि मग एका दमात, मनगट न टेकता, पूर्ण खांदा हलवून शिरोरेषा ओढायची.

आणि जिथं ती तुटते तिथं ती तुटलीच पाहिजे. ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो तो इथंच. बारीक पेनानं लिहिताना ही फट आपोआप राहते, जाड बोरूनं बुजते. आपण नियम ठेवलाय की फट किमान एक बोरू रुंद हवी. ‘धनभाग’ लिहून लांबून बघा. ‘घनमाग’ वाचलं गेलं तर फट कमी पडली.

एखादा शब्द कसा बांधतात ते दाखवाल का?

‘बेळगाव’ घेऊ. नोंदणी करणाऱ्यांना दहाव्या आठवड्यात हाच शब्द असेल.

आधी आखणी. बोरूच्या रुंदीनं छोटे चौकोन एकावर एक रचून उंची ठरवायची. या कोर्समध्ये आपण अक्षराला सहा बोरू, वरच्या मात्रांना तीन आणि खालच्या उकारांना तीन धरतो. 5 मिलिमीटरच्या बोरूनं अक्षर 30 मिलिमीटर आणि पूर्ण ओळ 60 मिलिमीटर. ए-4 कागदावर अशा चार ओळी बसतात, त्याहून जास्त कोंबू नका.

‘ब’चं पोट काढा, पोटातली बारीक रेघ, मग काना. मात्रा आता नको, ती शिरोरेषेनंतर. ‘ळ’ला काना नाही. वरून येणारा छोटा देठ आणि त्याला लगटून दोन पाकळ्या. दोन्ही पाकळ्यांमधला पांढरा भाग सारखा दिसला पाहिजे. नवशिक्यांची उजवी पाकळी जवळजवळ नेहमी लहान होते, कारण तिथं पोचेपर्यंत शाई आणि धीर दोन्ही संपत आलेलं असतं. देठ काढून झाल्यावर बोरू उचला, पुन्हा बुडवा, मग पाकळ्या.

आता खरी अडचण. शब्दाचा पुढचा भाग ‘बेळ’ मोकळा आहे, गोलाईचा आहे. मागचा ‘गाव’ मात्र उभ्या रेघांचा: ‘ग’ची डावी रेघ, ‘ग’चा काना, आकाराचा काना, ‘व’चा काना. चार उभ्या रेघा. पट्टीनं सगळीकडं सारखं अंतर ठेवलं तर ‘गाव’ कुंपणासारखा दाट दिसतो आणि ‘बेळ’ त्याच्यापासून सुटून पडतो. म्हणून अंतर पट्टीनं मोजायचं नाही, मधल्या पांढऱ्या जागेनं तोलायचं. दोन उभ्या रेघा शेजारी आल्या की त्यांना जास्त जागा, गोल आणि उभी शेजारी आली की कमी. ‘ब’च्या कान्याजवळ ‘ळ’ची पाकळी थोडी आत ओढा, आणि ‘ग’चा काना व आकाराचा काना यांच्यात त्याहून मोकळी जागा द्या.

एक सांभाळायचं. ‘ग’चे दोन तुकडे मात्र लांब करू नका. ते सुटले की ‘ग’ राहत नाही, एक आकडी आणि एक जादा काना दिसू लागतो. माझा अंदाज असा की ‘ग’च्या आतली जागा, ‘ग’ आणि आकारामधल्या जागेपेक्षा नेहमी कमी हवी. जमलं का ते बघायला कागद उलटा धरा. उलट्यात शब्द वाचता येत नाही, त्यामुळं डोळा फक्त काळं-पांढरं बघतो आणि गच्च जागा लगेच टोचते.

शेवटी शिरोरेषा एका ओढीत, आणि मग ‘बे’ची मात्रा.

‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे शिकवणार?

मराठी वळणाचे: पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’. महाराष्ट्र शासनानं 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात तेच प्रमाण धरले आहेत. पुष्कळ फोनवर हिंदी वळणाचे ‘ल’, ‘श’ दिसतात आणि मुलं तेच गिरवतात, म्हणून हे वेगळं सांगितलं. सीमाभागात आपल्यावर तो निर्णय लागू नाही, पण आपल्या पोथ्यांचं आणि आपल्या आजीच्या अक्षराचं वळण हेच होतं.

मी पाट्या रंगवतो. मला याचा उपयोग होईल का?

होईल, पण ब्रशचं काम इथं नाही हे ध्यानात घ्या. उपयोग आहे तो मांडणीचा. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं आणि तेही वरच्या अर्ध्या भागात. मराठी नाव लिहायचं तर ते खाली, उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत. अशा पट्टीत लोक अक्षर सहाचं चार बोरू करून बसवतात आणि मात्रा शिरोरेषेला चिकटतात. उंची कमी झाली की बोरूही बारीक घ्यायचा, म्हणजे प्रमाण सहाचं सहाच राहतं. अकराव्या आठवड्यात एक पूर्ण तास याच कामाला ठेवला आहे.

मग हा कोर्स कुणासाठी नाही?

मुलाचं शाळेतलं अक्षर सुधारायचं असेल तर हा कोर्स घेऊ नका. हस्ताक्षर म्हणजे वेगानं, दमून न जाता, वाचता येईल असं लिहिणं. बोरूनं एक शब्द लिहायला पाच मिनिटं जातात. दोन्हींचा संबंध आहे, पण पालकांना हवा तो फरक परीक्षेच्या पेपरात दिसणार नाही. बारा वर्षांच्या आतली मुलं घेत नाही, कारण सुरुवातीचे चार आठवडे नुसत्या रेघा ओढायचा धीर त्यांना नसतो आणि मी तो जबरदस्तीनं आणू इच्छित नाही.

रोज वीस मिनिटं जमणार नसतील त्यांनीही थांबावं. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी, कारण हात धारेचा कोन तीन-चार दिवसांत विसरतो.

बाकी मराठी शाळांचे शिक्षक, लग्नपत्रिका-छपाईवाले, शिवजयंतीच्या चित्ररथांचे आणि गणपती मंडळांचे फलक लिहिणारे कार्यकर्ते, निवृत्त झालेली माणसं, यांच्यासाठी हा कोर्स मनात धरूनच बांधला आहे.

डावखुऱ्यांना जमतं का?

डावखुऱ्यांना देवनागरी उलट सोपं जातं. साध्या, सरळ कतीचा बोरू डाव्या हातात नेहमीसारखा धरला की धार आपोआप हव्या त्या दिशेनं टेकते. उजव्या हाताला ज्यासाठी मुद्दाम तिरकी कत काढावी लागते, ते तुम्हाला फुकट मिळतं. अर्जात ‘डावखुरा’ लिहा, म्हणजे मी सरळ कतीचे बोरू पाठवते. हात ओळीच्या वरून वाकवून लिहायची सवय असेल तर ती मात्र सोडावी लागेल, नाहीतर ओली शाई पुसली जाते.

कागद आणि शाई कोणती घेऊ?

100 जीएसएमचा बाँड कागद आणि पाण्यात विरघळणारी काळी शाई. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक बोरूच्या चिरेत वाळते आणि मग ती चीर उघडत नाही. साधी वही चालणार नाही, शाई पसरते.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांना एक सांगायचं आहे. तुमच्याकडं पावसाळ्यात चांगला कागदही दमट होतो आणि रेघेच्या कडांना केस फुटतात. अशा वेळी बोरू किंवा शाई बदलायच्या आधी कागद बदलून बघा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा आणि लागतील तेवढीच पानं बाहेर काढा. दमट आहे का ते कळायला एक रेघ ओढून भिंगातून, नाहीतर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन, कड बघा. कड सुरीनं कापल्यासारखी दिसली तर कागद कोरडा.

आमच्याकडं नेटवर्क जातं, वीज जाते. वर्ग चुकला तर?

प्रत्येक वर्गाचं चित्रीकरण त्याच संध्याकाळी मिळेल, कमी डेटात उतरेल असं. त्यात फक्त माझा हात आणि कागद दिसतो, चेहरा नाही, म्हणून फाइल लहान राहते. फोटो आठवड्यात कधीही पाठवा, शुक्रवारपर्यंत आले तर रविवारच्या आत मोजून देते.

प्रमाणपत्र मिळेल का?

नाही. शेवटी तुमच्या हातात तुम्ही लिहिलेला एक फलक असेल आणि पहिल्या आठवड्यातला रेघांचा कागद. दोन्ही जपून ठेवा, पहिला कागद टाकू नका.

नाव कसं नोंदवायचं?

नोंदणीच्या अर्जात नाव, पूर्ण टपाल पत्ता पिनकोडसह, उजवा हात की डावा, आणि शाळेत कोणत्या लिपीत लिहायला शिकलात एवढं भरा. शेवटच्या प्रश्नावरून मी तुमच्या पहिल्या आठवड्याचा सराव ठरवते, त्यामुळं तो मोकळा सोडू नका. पैसे भरल्याची पावती त्याच दिवशी येईल, बोरू घटस्थापनेनंतर चार-पाच दिवसांत टपालात पडतील.